जेल बॅटरी, ८ महिने वापरून: चूक बॅटरीची नव्हती, मागच्या स्विचची होती

भांडुपला आमचा वन बीएचके, इन्व्हर्टरला आधी १५० एएचची पाण्याची ट्युब्युलर होती. पाच वर्षं चालली, पण दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर आणा, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवा, आणि चार्ज होताना तो आंबट वास. आई म्हणाली, आता ती घरात नको. म्हणून १०० एएचची जेल आणली, दुप्पट किमतीत.

एक पंखा, दोन ट्यूब, राऊटर, म्हणजे साधारण १३० वॉट. सुरुवातीला सहा तास निघायचे. तीन महिन्यांनी एका रविवारी मेंटेनन्ससाठी लाइट गेली आणि चार तासांत इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. दुकानदार म्हणे लोड वाढवला असेल. काय वाढवणार, जागाच नाही वाढवायला!

शेवटी मल्टिमीटर लावला. चार्जिंगला १४.६ व्होल्ट! इन्व्हर्टरच्या मागचा, बॅटरीचा प्रकार निवडायचा स्विच तसाच ट्युब्युलरवर, बसवणाऱ्याने हातच लावला नव्हता. जेलवर छापलंय २५ डिग्रीला कमाल १४.१, आणि आमच्या माळ्यावर मे महिन्यात ३८, तिथे अजून कमी लागतो.

पाण्याच्या बॅटरीला एवढ्याने फार काही होत नाही, जास्तीच्या करंटने पाणी फुटून हायड्रोजन-ऑक्सिजन उडून जातो, आपण वरून पाणी ओततो, विषय संपला. जेलमध्ये ॲसिड सिलिका घालून घट्ट केलेलं असतं, त्यातल्या बारीक भेगांतून ऑक्सिजन निगेटिव्ह प्लेटकडे जाऊन परत पाणी होतो. पण व्होल्टेज जास्त झालं की गॅस एवढा होतो की हे जमत नाही, व्हॉल्व्ह उघडून तो बाहेर जातो, जेल सुकतं, प्लेटपासून सुटतं आणि तेवढा भाग कामातून जातो. वरून पाणी घालायला झाकणच नाही.

स्विच एसएमएफवर, म्हणजे सीलबंद बॅटरीच्या खुणेवर केला, आता १४.० दाखवतोय. तरी पाच महिने झाले, बॅकअप साडेचारच्या वर गेला नाही, म्हणजे गेलं ते गेलं.

भाऊजींच्या दुकानात यूपीएसला एजीएम आहे, त्यात काचेच्या तंतूंच्या गादीत ॲसिड स्पंजसारखं शोषलेलं. ती जेलपेक्षा पटकन चार्ज होते, एकदम जास्त करंट पण देते, १४.४ पण चालवून घेते. पण यूपीएस बंद कपाटात, त्या उष्णतेने दोन वर्षांत पोट फुगलं तिचं, आता कपाटाची मागची फळी काढलीय.

आमच्याकडे लाइट वर्षातून मोजून चार-पाच वेळा जाते, बाकी दिवस बॅटरी नुसती चार्जिंगला लटकलेली. रोज खोल डिस्चार्ज होणाऱ्यांना जेल परवडेल, मला गॅलरी असती तर पाण्याचीच परत घेतली असती.