पीजीत लाईट बिल भाड्यात धरावं की वेगळं? दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

आमच्याकडे तीन खोल्या, नऊ बेड. सुरुवातीला जेवण, लाईट, पाणी सगळं धरून बेडचे ९,५०० घ्यायचो, डोक्याला ताप नको म्हणून. हिवाळ्यात बिल आलं ४,५०० म्हणजे बेडमागे ५०० आणि मी धरलेले ७००, त्यामुळे खूश होतो. मग मे महिन्यात १३,५०० आलं! बेडमागे १,५००, म्हणजे एका महिन्यात ७,२०० खिशातून. मुलं ऑफिसला गेली तरी एसी चालूच, बोलायला गेलं की म्हणायची "काका, लाईट इन्क्लुडेड आहे ना?" आता यावर काय बोलणार.

त्यात स्लॅबची गोम असते, ती मला उशिरा कळली. युनिट वाढले की पुढच्या युनिटचा दरही चढतो. हिवाळ्यात ४५० युनिट होते, सगळे आकार धरून युनिटला १० रुपये पडले, मे मध्ये ११२५ झाले आणि तेच १२ पडले.

दुसऱ्या उन्हाळ्याआधी इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक खोलीच्या फक्त एसीच्या लाइनवर सबमीटर बसवला. पंखा, गिझर, फ्रिज, पंप भाड्यातच ठेवले, कारण त्याची वाटणी करायला बसलं तर रोज भांडणं. भाडं २०० नं कमी केलं. दर मी मनानं लावत नाही, पूर्ण बिल भागिले एकूण युनिट, आणि बिलाचा फोटो ग्रुपवर. या मे मध्ये एकूण ९०५ युनिट, बिल साधारण १०,४००, म्हणजे युनिटला साडेअकरा. एसीचे अंदाजे ६०० वरून ३८० वर आले, कुणाला काही न सांगता. सर्वात जास्त चालवणाऱ्या खोलीचे १५० युनिट, १,७२५ रुपये, तिघांत ५७५. एसीचे पैसे वजा जाता बेडमागे ६७० उरले, म्हणजे २०० कमी करून उरलेल्या ५०० च्या वर १७०च गेले, आधीच्या मे मध्ये ८०० गेले होते.

वाद झाला तो एकदाच. एक मुलगा पंधरा दिवस गावी गेला आणि तिसरा हिस्सा द्यायला नाही म्हणाला, बाकी दोघं म्हणे आम्ही का भरू. तेव्हापासून जाताना आणि आल्यावर मीटरचा फोटो टाकायचा, मधले युनिट जे खोलीत होते त्यांचे. बेड रिकामा राहिला तरी हाच हिशोब, पण मग उरलेल्यांना एसी महाग पडतो, हे आधीच सांगून ठेवा.

मीटर पळतो अशी तक्रार आलीच तर एसीशेजारचा, मीटरच्या पुढचा एमसीबी पाडून खोलीतलं बाकी सगळं चालू ठेवायचं. आकडा हलला तर लाइनवर दुसरं काहीतरी जोडलंय. आमच्याकडे एका खोलीत इस्त्रीचा सॉकेट निघाला!

जेवण मात्र मी वेगळं करणार नाही. मावशींचा पगार कुणी जेवलं नाही म्हणून कमी होत नाही. आधी सांगून पाच दिवसांच्या वर कुणी गेलं तर शिध्याचे रोजचे ६० परत देतो, तेवढंच.