शिरोलीत नोकरी शोधावी की चाकणला जावं?

मेकॅनिकल डिप्लोमा झालेल्या कोल्हापूरच्या मुलाचं उदाहरण घेऊ. समजा, शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री हातात १६ हजार देते आणि चाकणची कंपनी २३ हजार. फरक सात हजारांचा दिसतो. पण चाकणला कॉट बेसिसवर साडेतीन हजार, मेसला साडेतीन हजार आणि गावी येण्याजाण्याला हजारभर गेले, तर हातात १५ हजार उरतात. इथे घरी राहून पेट्रोल-चहाला दोन हजार गेले, तरी १४ उरतात. म्हणजे खरा फरक हजाराचाच.

म्हणून पगाराआधी काम बघा. कास्टिंग, पॅटर्न, मशीनिंग यांत राहायचं असेल तर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे शिकायला भरपूर आहे. छोट्या कारखान्यात मोल्डिंगपासून तपासणीपर्यंत सगळीकडे हात लागतो. मात्र इथल्या बऱ्याच जागा जाहिरातीत येत नाहीत, ओळखीतून भरतात. बायोडाटा घेऊन गेटवर जावंच लागतं. डिझाइन किंवा ऑटोमेशन करायचं असेल तर पुणेच बरं. एक नोकरी सुटली तरी तिथे दुसरी लवकर मिळते.

चाकणला जाण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा: पगार कंपनी देणार की ठेकेदार? ऑफर लेटरवर ठेकेदाराचं नाव असेल आणि मुदत सहा-सात महिन्यांची असेल, तर त्या हजारासाठी घर सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.