ट्रस्ट, सोसायटी की सेक्शन आठ कंपनी? फी घेणाऱ्या संस्थेने नोंदणीआधी काय तपासावं

ठाण्यात लहान संस्थांचे हिशेब बघायला लागून मला बरीच वर्षं झाली. नवीन संस्था काढणारी माणसं सहसा एकच प्रश्न घेऊन येतात: "सर, सगळ्यात सोपं काय पडेल?" देणग्या घ्यायच्या आणि वाटून टाकायच्या, एवढंच काम असेल तर त्या प्रश्नात काही चूक नाही. संस्था फी घेणार असेल, काही विकणार असेल, वर्षाअखेर चार पैसे शिल्लक राहणार असतील, तर मात्र सोपेपणाआधी दुसऱ्या गोष्टी बघाव्या लागतात. मागच्या काही महिन्यांत अशीच एक केस हाताखालून गेली. तिच्याच आधाराने सांगतो.

कळव्यात दोन फिजिओथेरपिस्ट मैत्रिणी आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका, असे तिघं मिळून उपचार केंद्र काढणार होते. गुडघे, कंबर, अर्धांगवायूनंतरचे व्यायाम. परवडेल त्याच्याकडून पूर्ण फी, नाही परवडणार त्याच्याकडून नाममात्र, सरासरी दीडशे रुपये. वर्षाला सोळा हजार बैठका धरल्या तर २४ लाख फी, वर सहा लाख देणग्या, म्हणजे एकूण ३० लाख. खर्च २६ लाख. शिल्लक चार लाख. थोरली मैत्रीण नोकरी सोडून पूर्णवेळ केंद्र चालवणार, म्हणून तिला पगार हवा. आणि दोन-तीन वर्षांत कर्ज काढून स्वतःचा गाळा घ्यायचा.

आधी एक गैरसमज दूर करतो. हे चार लाख तिघांनी वाटून घ्यायची सोय ट्रस्ट, सोसायटी आणि सेक्शन आठ कंपनी या तिन्ही प्रकारांत कुठेही नाही. "कंपनी आहे म्हणजे लाभांश काढता येईल" असं काकांना वाटत होतं. कंपनी कायदा २०१३ च्या आठव्या कलमाखाली परवाना मिळतो तोच मुळी या अटीवर, की नफा उद्दिष्टांसाठीच वापरला जाईल आणि सभासदांना लाभांश दिला जाणार नाही. शेअर असले तरी ते फक्त मतापुरते. संस्था बंद झाली तरी मालमत्ता घरी नेता येत नाही. कंपनीची उरलेली मालमत्ता तशाच उद्दिष्टांच्या दुसऱ्या सेक्शन आठ कंपनीकडे जाते, किंवा विकून आलेले पैसे दिवाळखोरी कायद्याखालच्या सरकारी निधीत जमा होतात. सोसायटीच्या बाबतीत १८६० चा कायदा सांगतो की उरलेलं सभासदांत वाटायचं नाही, तीन पंचमांश सभासदांच्या मताने दुसऱ्या सोसायटीला द्यायचं. ट्रस्टचं धन तर एकदा दिलं की दिलंच.

मग शिल्लक ठेवता तरी येते का? येते, आणि किती हे आयकर ठरवतो. त्यात तिन्ही प्रकारांना एकच माप आहे. धर्मादाय म्हणून करमाफीची नोंदणी असेल (लोक अजून तिला १२एबी म्हणतात; १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आल्यावर कलमांचे आकडे बदलले, चौकट तीच राहिली) तर उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी उद्दिष्टावर खर्च व्हायला हवी. कळव्याच्या केंद्राचे ३० लाखांचे ८५ टक्के म्हणजे साडेपंचवीस लाख. खर्च २६ लाख, म्हणजे चार लाख बिनघोर राहिले. पुढच्या वर्षी जमा ३६ लाख झाली आणि खर्च २८ लाखच झाला तर? खर्च व्हायला हवे होते ३० लाख ६० हजार. कमी पडलेले दोन लाख साठ हजार करपात्र होऊ नयेत म्हणून ते कशासाठी राखून ठेवतोय हे, उदाहरणार्थ "ट्रॅक्शन यंत्रासाठी", मुदतीत फॉर्म भरून कळवायचं आणि पाच वर्षांच्या आत त्याच कामावर वापरायचं. ३१ मार्च उलटल्यावर हे आठवणारे खूप भेटतात. फेब्रुवारीतच कच्चा ताळेबंद काढून बघा.

याहून मोठा खड्डा उद्दिष्टांच्या परिच्छेदात असतो, आणि तिथे मी लोकांना तासभर बसवून ठेवतो. गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत, योग, पर्यावरण ही उद्दिष्टं कायद्यात नावानिशी आहेत. त्यांत न बसणारं सगळं "सार्वजनिक उपयोगाचं इतर कार्य" या शेवटच्या खणात पडतं. त्या खणात पडलेल्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली, तर त्या वर्षाची करमाफी जाते. कळव्याच्या केंद्राला ही मर्यादा लागू झाली असती तर ३० लाखांवर सहा लाखच चालले असते, आणि त्यांची फी आहे २४ लाख. त्यांचं काम वैद्यकीय मदतीत बसतं म्हणून ते वाचतात. पण इंटरनेटवरून उतरवलेल्या मसुद्यात "महिला सक्षमीकरण, कौशल्य विकास, सांस्कृतिक कार्यक्रम, समाजजागृती" अशी चौदा कलमं होती. मी त्यातली अकरा खोडायला लावली. संस्था ट्रस्ट आहे की कंपनी, याने या २० टक्क्यांत काही फरक पडत नाही. उद्दिष्ट काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय चाललंय, याने पडतो. गुडघ्याचे पट्टे वगैरे विकायचे असतील तर त्यांचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवायचा, आणि ती विक्री मूळ कामाला पूरक आहे हे दाखवता आलं पाहिजे.

मग फरक पडतो तो कुठे? आधी पगारात.

मेहनतीचा मोबदला म्हणजे शिल्लक वाटणं नव्हे, हे आयकर मानतो. फक्त संस्थापकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला दिलेला पगार कामाच्या मानाने वाजवी हवा. ट्रस्टमध्ये मात्र विश्वस्त हा मुळात विनामोबदला काम करणारा धरलेला असतो. ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्तात, म्हणजे डीडमध्ये, स्पष्ट तरतूद नसेल तर त्याला मोबदला मागता येत नाही, आणि तरतूद असली तरी धर्मादाय कार्यालयात प्रश्न निघतातच. सेक्शन आठ कंपनीच्या ठरावीक नमुन्याच्या घटनापत्रात, म्हणजे मेमोरँडममध्येच सोय आहे: सभासदाने सभासद म्हणून अपेक्षित कामापलीकडे प्रत्यक्ष सेवा दिली असेल तर तिचा रास्त मोबदला सद्भावनेने देता येतो. त्यामुळे थोरलीचा पगार संचालकपदाशी न जोडता "केंद्रप्रमुख फिजिओथेरपिस्ट" या कामाशी जोडला. नेमणूकपत्र, कामाचे तास, आसपासच्या दोन दवाखान्यांतल्या पगाराची लेखी माहिती, आणि ठराव होताना ती स्वतः मतदानात नाही, असं सगळं इतिवृत्तात उतरवलं. केंद्राच्या नफ्यावर टक्केवारीने पगार ठरवायचा असं काकांनी सुचवलं होतं. तो शिल्लक वाटण्याचाच आडमार्ग दिसला असता, म्हणून मी नको म्हटलं.

दुसरा फरक कर्जाचा आणि जागेचा. महाराष्ट्रात धर्मादाय काम करणारी सोसायटीही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली ट्रस्ट म्हणून नोंदवावी लागते. म्हणून आपल्याकडे सोसायटीला दोन प्रमाणपत्रं असतात, आणि ठाण्यात लोक 'एफ नंबर' म्हणतात तो त्यातला दुसरा. सोसायटी काढली की धर्मादायच्या नियमांतून सुटका होते, ही समजूत म्हणून चुकीची. ट्रस्ट असो वा सोसायटी, कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. स्थावर मालमत्ता विकायला, गहाण टाकायला, इमारत तीन वर्षांवर भाड्याने द्यायलाही लागते. ज्यांना आजोबांची जागा वाडी-वस्तीतल्या वाचनालयासाठी पिढ्यान्‌पिढ्या राखायची आहे त्यांच्यासाठी हा पहारा वरदान आहे, आणि अशांना मी ट्रस्टच सुचवतो. पण गाळ्याचा मालक दोन महिन्यांत व्यवहार उरका म्हणतो तेव्हा मंजुरीची वाट बघणारी संस्था मागे पडते. सेक्शन आठ कंपनीत संचालक मंडळाचा ठराव, बँकेची कागदपत्रं आणि तारण ३० दिवसांत कंपनी निबंधकांकडे नोंदवणं, एवढ्यावर काम भागतं.

तिसरा फरक माणसं बदलण्याचा. याचा अनुभव मला कडू आहे. मी हिशेब बघत असलेल्या एका सोसायटीत निवडणूक झाली, नवीन कार्यकारिणी आली. असा बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट म्हणून द्यायचा असतो. दिला. हरलेल्या गटाने हरकत घेतली. चौकशी सुरू झाली आणि धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या, म्हणजे शेड्यूल वनच्या, उताऱ्यावर जुनीच नावं राहिली. बँकेने तो उतारा बघून सह्या बदलायला नकार दिला. खात्यात पैसे होते आणि शिक्षिकांचे पगार थकले होते. मी त्यांना दर महिन्याला तेच उत्तर देत होतो. अजून ते मनातून जात नाही. सोसायटीला किमान सात सभासद लागतात, दरवर्षी सभा, मतदान. जिथे खरोखर मोठा सभासदवर्ग आहे, आणि त्याचा आवाज हाच कामाचा जीव आहे, तिथे ती लोकशाही मोलाची. कळव्याच्या तिघांनी चार नावं नुसती आकडा भरायला शोधली असती, तर ती चार माणसं उद्या मतदार झाली असती.

कंपनीला खाजगी स्वरूपात दोन सभासद पुरतात आणि किमान भांडवलाची अट नाही. पण तिची शिस्त माफ करणारी नाही. वर्षाला लेखापरीक्षण, वार्षिक सभा, मग ३० दिवसांत हिशेबांचा फॉर्म AOC-4 आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणाचा MGT-7. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये. दोन्ही फॉर्म दोनशे दिवस राहिले तर ४० हजार. सलग तीन वर्षं भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. उद्दिष्टांत बदल करायचा तर सरकारची पूर्वपरवानगी. कंपनी सेक्रेटरी आणि सीए यांच्या फीसाठी वर्षाला ठरावीक रक्कम बाजूला काढण्याची तयारी नसेल, जमा दोन-चार लाखांच्या आतच राहणार असेल, तर मी कंपनी काढू नका म्हणून स्पष्ट सांगतो.

"रबाळे-महापेच्या कंपन्या सीएसआर फक्त सेक्शन आठलाच देतात" असंही नवी मुंबईत कानावर येतं; सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा. कायदा तसं म्हणत नाही. करमाफीच्या नोंदण्या, कामाचा तीन वर्षांचा पूर्वेतिहास आणि असा पैसा घ्यायला लागणारी CSR-1 नोंदणी असेल तर ट्रस्ट आणि सोसायटीही चालतात. तीन वर्षांची अट नव्या कंपनीलाही चुकत नाही, त्यामुळे पहिल्या अंदाजपत्रकात सीएसआरचा रुपयाही धरायचा नाही.

एकदा निवडलं की मागे फिरणं अवघड. ट्रस्टची कंपनी करून घ्यायचा सरळ रस्ता नाही. नवी कंपनी काढून काम हळूहळू तिकडे न्यावं लागतं, आणि जागा ट्रस्टच्या नावावर असेल तर तिच्यासाठी पुन्हा धर्मादाय आयुक्तांची मंजुरी.

कळव्याच्या तिघांनी सेक्शन आठ कंपनी काढली. पहिल्या बैठकीत काकांनी स्वतःच विचारलं, की केंद्राची सध्याची जागा धाकट्या मैत्रिणीच्या सासऱ्यांची आहे, तिचं भाडं कसं ठरवायचं. मेमोरँडम सभासदाच्या जागेचं रास्त भाडं द्यायला परवानगी देतं, आणि सासरे सभासद नसले तरी आयकर त्यांना नातेवाईक म्हणूनच बघेल. त्याच गल्लीतल्या तीन गाळ्यांचे भाडेकरार मागवले. सर्वांत कमी भाड्याचा आकडा धरला, धाकटीने मतदान केलं नाही, आणि तिन्ही करारांच्या प्रती इतिवृत्ताच्या वहीला टाचून ठेवल्या.