पॉकेटमनी आठवड्याला द्यावा की महिन्याला?

मोठ्याला तेराव्या वर्षी आम्ही थेट महिन्याचा पॉकेटमनी सुरू केला, धाकटीला त्याच वयात आठवड्याचा. ठरवून केलेला प्रयोग नव्हता. पहिल्या वेळी हात पोळले, म्हणून दुसऱ्या वेळी पद्धत बदलली. पण त्यामुळे दोन्ही पद्धती एकाच घरात, जवळजवळ एकाच ध्येयासाठी बघायला मिळाल्या: हेडफोन.

हिशेबाला सोपे जावेत म्हणून आकडे गोल घेते, चलन तुम्ही कुठलंही धरा. आठवड्याला १०० द्यायचे, तर महिन्याला किती? बहुतेक आईबाप ४०० म्हणतात, आणि मुलाचं नकळत नुकसान होतं. वर्षात ५२ आठवडे असतात. ५२०० भागिले १२ केलं तर महिन्याचे सुमारे ४३३ येतात. मोठ्याला आम्ही ४०० च देत होतो. त्याने स्वतः गणित करून दाखवलं, तेव्हा मुकाट्याने वाढवून दिले.

हेडफोनची किंमत ९६० धरा. आठवड्याला ४० बाजूला टाकले तर २४ आठवडे लागतात, आणि तेरा वर्षांच्या पोरासाठी अर्धं वर्ष म्हणजे कधीच नाही. म्हणून दोघांशीही एकच करार केला: तू जितके साठवशील तितकेच घरून घालू. म्हणजे त्यांच्या वाट्याला ४८०, मुदत १२ आठवडे. पहिलं ध्येय दोन-तीन महिन्यांपलीकडे जाऊ देऊ नये, असं माझं मत झालंय. शेवट दिसायला लागला की पाय आपोआप भराभर पडतात. क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात उंदरांमध्ये हे दाखवलं होतं: खाण्याच्या जवळ आले की ते वेग वाढवायचे. शेवट दिसतच नसेल, तर तो वेग येणार कुठून?

घरचा वाटा दर चार आठवड्यांनी डब्यात पडायचा, मुलांच्या डोळ्यांदेखत. अट एवढीच की जोड फक्त पॉकेटमनीतून वाचवलेल्या पैशांना. आजीने हातावर ठेवलेल्या नोटेला नाही, नाहीतर एका वाढदिवसात ध्येय पुरं होतं आणि सवय लागतच नाही.

आता मुख्य फरक. पहिल्या महिन्यात मोठ्याने १६० बाजूला ठेवले. दुसऱ्या महिन्यात म्हणाला, "शेवटी उरतील ते टाकतो." नवव्या दिवशी खिसा रिकामा. पुढचे तीन आठवडे त्याचं तोंड बघवेना, म्हणून आम्ही १०० उचल दिली. तिसऱ्या महिन्यात ती कापली, हातात ३३३ आले, साठवायला जेमतेम ६० राहिले. तीन महिन्यांचं ध्येय पाच महिन्यांवर गेलं आणि एके दिवशी तो म्हणाला, "राहू दे, मला नकोच आहेत हेडफोन." हवे होते त्याला. हिशेबाचा कंटाळा आला होता.

धाकटीही घसरली, पाचव्या आठवड्यात. मैत्रिणींबरोबर बाहेर गेली आणि साठवायचे ४० सुद्धा उडवले. चार दिवस कुरकुरली, मग नवा आठवडा आला आणि पुन्हा ४० टाकले. आठव्या आठवड्याच्या शेवटी तिचे सात वेळचे २८० आणि आमचे २८० मिळून ५६० झाले होते. १२ ऐवजी १३ व्या आठवड्यात ९६० पुरे झाले. चूक दोघांचीही एकच होती. एकीला ती एका आठवड्यात भरून काढता आली, दुसऱ्याच्या मात्र महिनाभर मानगुटीवर बसली. शिवाय तीन महिन्यांत आधी बाजूला काढायचा सराव तिला तेरा वेळा मिळाला, त्याला तीनच वेळा.

यात मुलाच्या स्वभावाचा दोष काढायला मी तयार नाही. पैसे हातात आल्यावर पहिले काही दिवस हात सैल सुटणं मोठ्यांचंही होतं. अमेरिकेत निवृत्तिवेतनाचे चेक महिन्याच्या ठरावीक तारखेला यायचे, तेव्हा चेक आल्यानंतरच्या दिवसांत ज्येष्ठांचा खर्च वाढतो, असं मेल्विन स्टीफन्स या अर्थतज्ज्ञाने २००३ मध्ये दाखवलं. त्यांना तर चेकची तारीख आधीपासून पक्की माहीत होती.

मग महिन्याचा पॉकेटमनी वाईट का? नाही. आठवड्याच्या पद्धतीची एक खोट धाकटीच्या बाबतीत चौथ्या महिन्यात कळली. मैत्रिणीच्या वाढदिवसाची भेट ९० ची आणि तिच्या हातात खर्चाला ६०. अशा वेळी आईबाप सहज पाकीट काढतात, आम्हीही काढलं. हळूहळू सगळे मोठे खर्च आपल्याकडे आणि किरकोळ खर्च मुलाकडे अशी वाटणी होऊन बसते. मूल ४० टाकायला शिकतं, पण २२ तारखेच्या भेटीसाठी ५ तारखेला हात आखडायला शिकत नाही. ते महिन्याच्या पैशांनीच शिकता येतं, आणि तेही भेटवस्तू, मोबाइलचा रिचार्ज असा एखादा पूर्ण खर्च त्याच्याकडे सोपवला तरच. नुसती रक्कम चौपट करून दिली तर उडवायची रक्कम चौपट होते, एवढंच.

म्हणून निवड करताना मी वयापेक्षा दोन गोष्टी बघते. मुलाने उचल न घेता एक ध्येय पुरं केलंय का? आणि घरून परस्पर दिला जाणारा एखादा खर्च त्याच्याकडे द्यायची आपली तयारी आहे का? पहिल्याचं उत्तर नाही असेल तर आठवडा. दोन्ही हो असतील तर आधी पंधरवडा, दोन-तीन महिन्यांनी महिना. सोळा-सतराव्या वर्षी पहिल्यांदाच सुरू करत असाल तर आठवड्याचे पैसे त्यांना पोरखेळ वाटतात. तिथे पंधरवड्यापासूनच सुरुवात करा.

पद्धत कुठलीही असो, साठवणूक पहिल्या दिवशी निघाली पाहिजे आणि वेगळ्या जागी गेली पाहिजे: डबा, पाकीट, बँकेचं खातं, काहीही. उचलीचा नियम आधीच कागदावर हवा. आमच्याकडे एका वेळी एकच, पुढच्या दोन हप्त्यांत कापून. मोठ्याच्या वेळी हा नियम नव्हता, आम्ही एका झटक्यात सगळी कापली. तिसरा महिना त्याच्या हातून गेला, त्यात आमचाही वाटा होता.

रक्कम बरोबर आहे का, हे महिनाभरात कळतं. ठरलेल्याच खर्चासाठी मूल चारपैकी तीन आठवडे हात पसरत असेल तर ती कमी आहे. काहीच न सोडता ध्येय पुरं होत असेल तर जास्त आहे. धाकटीने पाचव्या आठवड्यानंतर बाहेर जाणं दोनदा टाळलं, तेव्हा मी रक्कम बदलायचा विचार सोडून दिला.

मोठ्याला नंतर आम्ही पंधरवड्यावर आणलं. आधी त्याला अपमान वाटला. हेडफोन त्याने सात महिन्यांनी घेतले, आणि तेव्हा त्यांची किंमत उतरली होती, हे तो अजून बहिणीला ऐकवतो.