लाल रेघेचे आठ महिने: चष्म्याच्या सुटणाऱ्या स्क्रूचा अनुभव

उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर मान वर करून पतंग बघत होतो आणि चष्म्याची डावी काडी अलगद खांद्यावर येऊन पडली. स्क्रू कुठे गेला ते कळलंच नाही. फिरक्या, मांजा, चिक्कीचे कागद आणि शेजारच्यांचे पाय, त्यात दीड मिलिमीटरचा स्क्रू शोधणार कोण! बिजागरीच्या भोकातून सुईने दुहेरी दोरा ओवला, गाठ मारली आणि उरलेला दिवस तसाच काढला. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, दुकानं बंद. तोही दोऱ्यावरच गेला.

हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. साधी धातूची फ्रेम आहे, स्प्रिंगवाली नाही. वर्षभर दर आठ-दहा दिवसांनी डावी काडी डुगडुगायची. बडोद्याच्या रावपुऱ्यातला चष्मेवाला भला माणूस, दर वेळी फुकट आवळून द्यायचा. पण दहा दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी मलाच त्याच्या दारात उभं राहायची लाज वाटायला लागली. नवा स्क्रू बसवताना त्याला विचारलं, आटे झिजलेत का? त्याने स्क्रू फिरवून पाहिला आणि म्हणाला, "ना काका, आंटा तो बराबर छे. तमे हेल्मेट पहेरो छो ने?"

घालतो. चष्मा घालून वर हेल्मेट चढवायचं, उतरवताना दोन्ही एकदम ओढायचं, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. हेल्मेटच्या गादीने काड्या बाहेर फाकतात आणि सगळा ताण बिजागरीवर येतो. एरवीही काडी उघडताना-मिटताना बिजागरीचं मधलं पान स्क्रूला घासतं आणि त्याला जराजरा सोबत फिरवतं. एकदा आवळायच्या बाजूला, एकदा सुटायच्या. पण स्क्रू सुटायला आवळण्यापेक्षा कमी जोर लागतो, म्हणून महिनाभरात हिशेब सुटण्याकडेच झुकतो. नुसतं आवळून भागत नाही ते यामुळेच. स्क्रूला काहीतरी धरून ठेवणारं हवं.

हेल्मेटची सवय बदलली: आधी हेल्मेट, मग चष्मा, आणि काढताना उलट क्रम. बाकीचं काम फेब्रुवारीत एका रविवारी घरीच केलं.

आधी पेचकसाची अडचण. घरातला सगळ्यात लहानही या खाचेला मोठा. सुरीचं टोक लावून पाहिलं. ते फक्त मध्यभागी टेकतं आणि जोर दिला की सटकतं. माझ्या काचेवर एक ओरखडा आहे तो त्या दिवसाचाच. शेवटी नेलकटरची घडी होणारी कानस बाहेर काढली आणि तिचं टोक चिनी मातीच्या मगाच्या बुडाशी घासलं. बुडाला जी खरबरीत, चकाकी नसलेली कड असते ना, तिच्यावर. वीस मिनिटांत टोक चपटं आणि खाचेत नीट बसेल इतकं पातळ झालं. बसलंय की नाही हे कळायची खूण सोपी: टोक खाचेत ठेवून बोट सोडलं तर ते लगेच घसरू नये. घसरलं तर अजून घासायचं, कारण खाच एकदा खरवडली की पुढे कुठलंच हत्यार लागत नाही.

मग ताटात पांढरा रुमाल पसरला आणि त्यावर स्क्रू पूर्ण काढला. बघावं तर आट्यांत काळपट मळ, घाम आणि तेल. स्क्रू आणि बिजागरीचं भोक भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुतलं आणि अर्धा तास पंख्याखाली सुकवलं. चिकट आट्यांवर काहीही टिकत नाही, म्हणून ही पायरी टाळू नये.

धरून ठेवायला वापरलं ते साधं पारदर्शक नेलपॉलिश. बायकोकडून मागून घेतलं, तिने "कुणासाठी?" असं विचारलंच. काडीपेटीतल्या काडीच्या टोकावर टिपूस घेऊन स्क्रूच्या अगदी शेवटच्या दोन-तीन आट्यांना लावलं, वरच्या भागाला नाही. स्क्रूचा वरचा भाग काडीच्या पानातून जातो. तिथे पॉलिश गेलं तर काडी चिकटून बसते. धरायचं असतं ते फक्त सगळ्यात खालच्या पानातले आटे. लावलं की मिनिटभरात स्क्रू आवळायचा, काडी उघडी ठेवायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. ओलं असताना उघडमीट केली तर स्क्रू पुन्हा फिरतो आणि केलेलं वाया जातं.

किती आवळायचं? मी असं पाहतो: चष्मा धरून काडी अर्धी मिटून सोडली तर ती धपकन पडू नये आणि हाताने ढकलायला जोरही लागू नये. त्याहून जास्त आवळलं तर आटे जातात. एक धोका इथेच सांगून टाकतो. धातूच्या फ्रेमला बिजागरीजवळच आणखी एक स्क्रू असतो, काच फ्रेममध्ये धरणारा. त्याला हात लावला तर काच हातात येईल.

सगळ्यात उपयोगी पडली ती वरची लाल रेघ. पॉलिश सुकल्यावर लाल नेलपॉलिशने स्क्रूच्या डोक्यापासून बाजूच्या धातूवर सुईच्या टोकाने केसाएवढी रेघ ओढली. रेघ तुटली किंवा सरकली तर स्क्रू फिरतोय. जागची असेल तर दोष दुसरीकडे आहे.

मार्च-एप्रिल निर्धास्त गेले. मे महिन्यात उन्हात घाम फार, तरी रेघ तशीच. मग जुलैत, पावसाळा सुरू झाल्यावर काडी पुन्हा किंचित डुगडुगायला लागली. पूर्वी मी लगेच स्क्रूला दोष दिला असता. पण रेघ अखंड होती! म्हणजे स्क्रू फिरलाच नव्हता, बिजागरीची पानंच झिजून त्यांच्यात फट पडली होती. जरासा जोर देऊन स्क्रू एक अष्टमांश फेरा आवळला, पॉलिशची पकड कुरकुरत सुटली आणि पानं जवळ येऊन काडी घट्ट झाली. सुटलेली पकड परत हवी म्हणून मग स्क्रू काढून धुतला, तेवढाच आवळून पुन्हा पॉलिश लावलं आणि नवी रेघ ओढली. तेव्हापासून आता ऑक्टोबरपर्यंत हात लावावा लागलेला नाही. पुढच्या वेळी आवळूनही डुगडुग राहिली तर बिजागरीच बदलावी लागेल, ते घरचं काम नाही.

उजव्या काडीला मी काहीच केलेलं नाही, तीही ठीक आहे. हेल्मेटचा हिशेब बहुधा डावीकडेच जास्त होता.

काही सावधगिरी, माझ्या आणि मेव्हण्याच्या खर्चाने शिकलेली. त्याने स्क्रूला झटपट चिकटवणारा गोंद घातला. बिजागरी जाम झाली आणि गोंदाच्या वाफेने काचेच्या कडेवर पांढुरका थर आला. नेलपॉलिशही काचेवर सांडू देऊ नका. प्लास्टिकच्या फ्रेमवर तर थेंबही नको, त्यातलं द्रावण काही प्लास्टिक विरघळवतं. सांडलं म्हणून रिमूव्हर लावणं त्याहून वाईट. माझी फ्रेम धातूची म्हणून मी वरून रेघ ओढू शकलो. बिजागरी स्प्रिंगवाली असेल, म्हणजे काडी बाहेरच्या बाजूलाही थोडी वाकत असेल, तर स्क्रू घरी पूर्ण काढू नका. आतली स्प्रिंग पानाला खेचून घेते आणि भोकं पुन्हा एका रेषेत आणताना घाम फुटतो. स्क्रू नुसताच फिरत राहतो, कुठेच अडत नाही, असं झालं तर आटे गेलेत. तिथे पॉलिशने दोन दिवस निघतील, पण जरा जाड स्क्रू चष्मेवाल्याकडूनच बसवून घ्यावा लागेल.

खर्च काहीच नाही. नेलकटर मात्र आता माझा झालाय, घरच्यांनी दुसरा आणला.