मेड्युलोब्लास्टोमाचा शेक: नागपुरात वेळेवर, की मुंबईला प्रोटॉन?

दारव्ह्याकडचं सहा वर्षांचं पोर धरू. लहान मेंदूतली मेड्युलोब्लास्टोमा ही कॅन्सरची गाठ ऑपरेशनने पूर्ण निघाली, एमआरआयमध्ये आणि पाठीच्या पाण्यात पसरल्याची खूण नाही. आता डोकं आणि कण्याला शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा आहे. नागपुरात साधा एक्स-रे शेक मिळतो. मुंबईजवळ खारघरला टाटाच्या केंद्रात प्रोटॉनचा मिळतो, आणि सोयरेधायरे म्हणतात, प्रोटॉनच घ्या, पोराचं डोकं शाबूत राहील.

मात्रा दोन्हीकडे सारखीच असते. रोज १.८ ग्रे असे १३ दिवस अख्खा मेंदू आणि कणा, म्हणजे २३.४ ग्रे. मग गाठीच्या जागेवर आणखी १७ दिवस, एकूण ५४. प्रोटॉन नेमलेल्या जागेपुढे जवळजवळ जात नाही, म्हणून छाती-पोट बरंच वाचतं. पण पहिल्या १३ दिवसांत नेमलेली जागा अख्खा मेंदूच आहे, तिथे वाचणार काय? मेंदूचा फायदा मुख्यतः नंतरच्या १७ दिवसांत होतो: मेंदूची कानांजवळची बाजू आणि आतला कान यांना कमी शेक लागतो. काही तुलनांमध्ये प्रोटॉनच्या मुलांचा बुद्ध्यांक बरा टिकलेला दिसला, पण त्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या नव्हत्या.

‘मग मात्राच कमी करा’ असंही आईबाप म्हणतात. ते करून पाहिलंय. ३ ते ७ वर्षांच्या मुलांना १८ ग्रे दिल्यावर पाच वर्षांनी आजार न उलटता राहिलेली मुलं सुमारे ७१ टक्के होती, २३.४ वर ८३. त्याच चाचणीत एक गोष्ट कामाची निघाली: शेवटचा शेक लहान मेंदूच्या सगळ्या भागाऐवजी गाठीच्या जागेपुरता दिला तरी चालतो. नागपुरात हे मात्र नक्की विचारा.

माझ्या मते निकाल तारखेवर लावावा. शेक ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवा. खारघरची तारीख त्यात बसत असेल आणि तिथे दीड-दोन महिने राहण्याची सोय असेल, तर जरूर जा. नाहीतर वाट पाहत बसू नका, नागपुरात सुरू करा.

अभ्यासावरचा परिणाम कुठल्याही शेकानंतर येऊ शकतो, आणि तो उशिरा दिसतो. पोरगं शिकलेलं विसरत नाही, नवं शिकण्याचा वेग पडतो. तिसरी-चौथीत फळ्यावरचं अर्धंच उतरवून होतं, तोवर गुरुजी फळा पुसतात. अशा पोराला ‘आळशी’ ठरवण्याआधी थायरॉईडची रक्ततपासणी आणि कानाची तपासणी करा. डोक्याच्या शेकाने थायरॉईड मंदावतं आणि सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. थायरॉईडला रोजची गोळी असते, कानाला मशीन. दर एक-दोन वर्षांनी मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धी-स्मरणाची चाचणी करून घेतली, तर दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज आणि दहावीला जादा वेळ मागताना तोच अहवाल कामी येतो.