तीन मूळ प्रती बँकेत आणि माल खरेदीदाराच्या गोदामात

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी फौंड्री आहे आणि पंपांचे बिडाचे सुटे भाग आम्ही बनवतो. दुबईच्या एका खरेदीदाराने आधी दोन लहान ऑर्डरी पूर्ण आगाऊ पैसे देऊन घेतल्या, तेव्हा तिसरी मोठी ऑर्डर आली याचे आम्हाला नवल वाटले नाही. माल अठरा टन होता आणि किंमत 42,000 डॉलर. अटीप्रमाणे 30 टक्के आगाऊ आले. उरलेले 29,400 डॉलर बँकेमार्फत कागदपत्रे सोडवून घेताना खरेदीदाराने द्यायचे होते. व्यवहार एफओबी न्हावा शेवा असा होता, म्हणजे जहाजाचे भाडे त्याने भरायचे आणि त्यामुळे जहाजावर जागा घेऊन माल पाठवणारा मध्यस्थ, म्हणजे फ्रेट फॉरवर्डरही, त्यानेच निवडायचा. या दुसऱ्या गोष्टीकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही, आणि नुकसान नेमके तिथूनच झाले.

कंटेनर आमच्या आवारातच भरला, सील लावला आणि महामार्गाने बंदराकडे रवाना झाला. जहाज सुटल्यावर फॉरवर्डरच्या मुंबई कार्यालयाने बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे ज्या कागदावर माल सोडवून घेतात त्याच्या, तीन मूळ प्रती आम्हाला दिल्या. (आमच्याकडे अनेक जण याला शिपिंग बिल म्हणतात, पण शिपिंग बिल हा कस्टम्सचा कागद असतो आणि त्याच्या जोरावर परदेशातला माल कोणी अडवू शकत नाही.) माल घेणाऱ्याच्या रकान्यात खरेदीदाराचे नाव न घालता ‘टू ऑर्डर’ असे लिहून घेतले होते आणि मागे सही-शिक्का करून तिन्ही प्रती बँकेत जमा केल्या. पैसे भरल्याशिवाय बँक प्रत देणार नाही आणि प्रत दाखवल्याशिवाय माल सुटणार नाही, असा आमचा हिशोब होता. 1883 मध्ये एका इंग्रज न्यायाधीशाने बिल ऑफ लेडिंगला गोदामाची किल्ली म्हटले होते, मग ते गोदाम जमिनीवरचे असो वा पाण्यावर तरंगणारे. आमच्या हातात किल्ली होती, पण कुलूप दुसऱ्याच किल्लीचे होते.

हे समजायला शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीची कल्पना करावी. शेतकऱ्याने गुळाचे रवे अडत्याच्या दुकानात उतरवले, पण पावती मात्र वाटेत भेटलेल्या एखाद्या मध्यस्थाने स्वतःच्या पुस्तकातून फाडून दिली, आणि अडत्याच्या वहीत माल त्या मध्यस्थाच्याच नावावर चढला. पावती खरी असते, तिच्यावरचे वजनही खरे असते. पण दुकानदार ती ओळखत नाही. आमच्या हातातले बिल असेच, फॉरवर्डरने स्वतःच्या नावावर काढलेले हाऊस बिल होते. जहाज कंपनीने त्याच कंटेनरसाठी वेगळे मास्टर बिल काढले होते. त्यात माल पाठवणारा म्हणून फॉरवर्डरचे नाव होते आणि घेणारा म्हणून दुबईतल्या त्याच्या एजंटाचे. आमचे किंवा आमच्या बँकेचे नाव त्यात कुठेच नव्हते. शिवाय ते खरे तर बिल ऑफ लेडिंगही नव्हते, सी-वेबिल होते. सी-वेबिलवर माल घेताना मूळ प्रत दाखवावी लागत नाही, ज्याचे नाव आहे त्याने ओळख पटवली की पुरते. या पद्धतीत मुळात गैर काही नाही आणि प्रामाणिक फॉरवर्डरही ती रोज वापरतात. त्यांचा एजंट माल ताब्यात घेतो आणि हाऊस बिलाची मूळ प्रत हातात पडेपर्यंत पुढे देत नाही, एवढ्याच विश्वासावर ती चालते. आमच्या फॉरवर्डरच्या एजंटाने ती वाट पाहिली नाही.

न्हावा शेव्याहून दुबईच्या जेबेल अली बंदराला जहाज साधारण आठवड्याभरात पोहोचते. खरेदीदार मात्र कधी बँकेला सुट्टी आहे, कधी कागद अजून आले नाहीत, असे सांगत राहिला. एकोणिसाव्या दिवशी आमचे कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटाकडच्या, म्हणजे सीएचएकडच्या मुलाने सहज म्हणून जहाज कंपनीच्या वेबसाइटवर कंटेनरचा नंबर टाकून पाहिला. भरलेला कंटेनर बंदराबाहेर पडून आठ दिवस झाले होते आणि रिकामा होऊन तो परतही आला होता. मी बँकेत गेलो, तर साहेबांनी दुबईच्या बँकेशी खात्री करून सांगितले की तिन्ही मूळ प्रती अजून तिथल्याच कपाटात आहेत.

यानंतर मी वकिलांकडे गेलो आणि बिल ऑफ लेडिंगची तीन कामे तिथे मला नीट समजली. पोच म्हणून आमचा कागद चोख होता, कारण इतकी खोकी मिळाली हे फॉरवर्डरने मान्य केलेच होते. अर्थात कंटेनर आम्ही भरल्यामुळे आत काय आहे ते ‘पाठवणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे’ असा शेरा त्यावर होताच. वाहतुकीचा करार म्हणूनही तो खरा होता, पण करार फॉरवर्डरशी होता. जहाज कंपनीने तिच्या करारातल्या माणसालाच माल दिला होता, म्हणून तिच्यावर दावा उभा राहत नव्हता. मालकीचा दस्तऐवज म्हणून त्याची किंमत मात्र तो देणाऱ्याच्या ताब्यात माल असेपर्यंत आणि त्याने शब्द पाळला तरच. 1930 च्या माल विक्री कायद्याप्रमाणे खरेदीदार दिवाळखोर झाला तर पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला वाटेतला माल थांबवता येतो, पण तो वाटेत असेपर्यंतच. आमचा माल खरेदीदाराच्या गोदामात जाऊन आठ दिवस झाले होते. फॉरवर्डरवर चुकीच्या माणसाला माल दिल्याचा दावा भक्कम होता. पण त्याच्या मुंबईच्या पत्त्यावर भाड्याची एक केबिन निघाली आणि तीही रिकामी. बिलाच्या मागे बारीक अक्षरात दाव्यासाठी परदेशी न्यायालय नेमलेले होते, आणि ते मी सही करताना वाचलेही नव्हते.

हे आधी ओळखता आले असते का? आले असते, आणि तेही त्या कागदावरूनच. खालच्या सहीपाशी ‘वाहक म्हणून’ असे लिहून फॉरवर्डरचेच नाव होते. जहाज कंपनीचे किंवा तिचा एजंट असल्याचे काही नव्हते. माल सोडवण्यासाठी कोणाला भेटावे या रकान्यात दुबईतली एक अनोळखी फर्म होती. 1993 च्या बहुविध वाहतूक कायद्यानुसार अशी कागदपत्रे काढणाऱ्या वाहतूकदाराला नौवहन महासंचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ती नोंदणी आहे का, हे मी पहिल्याच दिवशी विचारू शकत होतो. मी मास्टर बिलाची प्रत मागितली तेव्हा ‘ती गोपनीय असते’ असे उत्तर मिळाले. भाड्याचा आकडा झाकणे समजते, पण मास्टर तीन मूळ प्रतींचे आहे की वेबिल आहे, हे झाकण्यासारखे काही नसते. तिथेच मी कंटेनर थांबवायला हवा होता.

पोलीस तक्रार नोंदवली आहे. समुद्रमार्गे माल वाहतुकीतल्या नुकसानभरपाईच्या दाव्याला साधारणपणे माल सुटल्यापासून, किंवा सुटायला हवा होता त्या तारखेपासून, एका वर्षाची मुदत असते, म्हणून वकिलांनी नोटीस लगेच पाठवली. गेल्या महिन्यात शारजाहून एक चौकशी आली. त्यांनीही फॉरवर्डर आपलाच असेल असे कळवले. मी एफओबीऐवजी सीएफआरचा, म्हणजे जहाजाचे भाडे आम्ही भरायचे असा दर दिला, बुकिंग आमच्या सीएचएमार्फत होईल आणि बिल थेट जहाज कंपनीचे, ‘टू ऑर्डर’ असेल, असे लिहिले. भाडे त्यांच्या आकड्यापेक्षा कमी असूनही त्यांचे उत्तर आलेले नाही.